सीएसव्ही करताना मराठी अक्षरे कुठे हरवतात

तालुक्याच्या गावातले एखादे जुने सार्वजनिक वाचनालय घ्या. पुस्तकांची दाखल नोंदवही कोणीतरी चिकाटीने एक्सेलमध्ये उतरवून काढली आहे: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, भाषा, वर्गांक. आता वाचनालयाने ग्रंथ देवघेवीचा नवा प्रोग्राम घेतला आहे आणि तो म्हणतो, यादी ‘सीएसव्ही’ स्वरूपात द्या. ग्रंथपाल बाई एक्सेलमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करतात, यादीतला सीएसव्ही हा प्रकार निवडतात, फाइल नव्या प्रोग्रामला देतात. पुस्तकांची संख्या बरोबर येते, क्रमांक बरोबर येतात आणि शीर्षकांच्या जागी हे दिसते:

```
00123,"????, ??????????",????????????,?????
```

हीच यादी दुसऱ्या कोणी दुसऱ्या वाटेने नेली तर प्रश्नचिन्हांऐवजी भलतेच काही दिसते. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी असे येते:

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

दोन्ही ठिकाणी लोक एकच वाक्य बोलतात, ‘फाँट गेला’. खरे तर दोन्हीत फाँटचा संबंध नाही आणि हे दोन बिघाड एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिल्यात मराठी मजकूर त्या फाइलमधून कायमचा गेलेला असतो. दुसऱ्यात तो जसाच्या तसा शाबूत असतो, फक्त वाचणाऱ्या प्रोग्रामने तो चुकीच्या रीतीने वाचलेला असतो. पहिला बिघाड फाइल साठवताना होतो, दुसरा उघडताना. हा फरक ध्यानात आला की पुढचे काम सोपे होते. तो न कळल्यामुळे मात्र लोक शाबूत असलेली फाइल टाकून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुरुस्त करायला जाऊन तिचे खरोखरच नुकसान करतात.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात रंग नाहीत, रकान्यांची रुंदी नाही, सूत्रे नाहीत, दुसरी शीट नाही. तक्त्याची एक ओळ म्हणजे मजकुराची एक ओळ आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम. वाचनालयाच्या यादीतली एक नोंद खरी तर अशी दिसायला हवी:

```
दाखल क्रमांक,लेखक,शीर्षक,भाषा
00123,"टिळक, लक्ष्मीबाई",स्मृतिचित्रे,मराठी
```

ग्रंथालयात लेखकाचे आडनाव आधी लिहून मग स्वल्पविराम देतात. तो स्वल्पविराम रकाना तोडणारा समजला जाऊ नये म्हणून त्या खान्याला दुहेरी अवतरणचिन्हे लागतात. ती एक्सेल आपणहून घालते, त्याची काळजी करावी लागत नाही. असा साधा मजकूर कोणताही प्रोग्राम वाचू शकतो, म्हणूनच सगळे प्रोग्राम सीएसव्ही मागतात. पण या साधेपणाची एक उणीव आहे. फाइलमधली अक्षरे कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत, हे सांगणारी नोंद सीएसव्हीत कुठेही नसते. मोडीतला कागद एखाद्याने बाळबोध समजून वाचायला घ्यावा, तसे इथे होते. कागद खराब नसतो, पण कागदावर ‘ही मोडी आहे’ असेही कुठे लिहिलेले नसते.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. फाइल म्हणजे ० ते २५५ यांच्यामधल्या आकड्यांची लांबच लांब रांग. अशा एका आकड्याच्या जागेला बाइट म्हणतात. स्वल्पविरामाचा आकडा ४४, दुहेरी अवतरणचिन्हाचा ३४. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे १२८च्या आतच संपतात आणि त्यांच्याबद्दल जगात आता वाद उरलेला नाही. गोंधळ होता तो १२८ ते २५५ या जागांचा. पश्चिम युरोपसाठी विंडोजने तिथे फ्रेंच-जर्मन अक्षरे बसवली आणि त्या तक्त्याला १२५२ हा क्रमांक दिला. ग्रीकसाठी १२५३, अरबीसाठी १२५६, थाईसाठी ८७४ असे निरनिराळे तक्ते झाले. देवनागरीला विंडोजमध्ये असा स्वतःचा सिस्टिम-तक्ता कधीच मिळाला नाही. भारताने १९८८ साली ‘इस्की’ नावाचे भारतीय लिप्यांचे मानक केले होते, पण विंडोज चालू असताना मूळ तक्ता म्हणून ते वापरले गेले नाही. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर पडद्यामागे १२५२ हाच तक्ता असतो.

एक्सेलमधला जुना, साधा सीएसव्ही प्रकार याच तक्त्याने लिहितो. त्यात ‘म’ला जागा नाही, ‘र’ला नाही, वेलांटीलाही नाही. ज्या चिन्हाला तक्त्यात जागा नाही त्याच्या जागी एक्सेल प्रश्नचिन्ह ठेवते. हे प्रश्नचिन्ह म्हणजे न दिसणारे ‘म’ नव्हे. फाइलमध्ये खरोखरचे प्रश्नचिन्ह लिहिले गेलेले असते, ज्याचा आकडा ६३. ‘मराठी’तली म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी ही पाच चिन्हे पाच वेळा ६३ होतात. ‘स्मृतिचित्रे’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण हलन्त, ऋकार, वेलांट्या आणि मात्रा सुट्या मोजल्या की बारा चिन्हे होतात, म्हणून वरच्या ओळीत बारा प्रश्नचिन्हे आहेत. बारा ६३ पाहून मूळ शब्द कोणालाच सांगता येणार नाही, कोणत्याही हुशार प्रोग्रामलाही नाही. म्हणून प्रश्नचिन्हांची रांग दिसली की त्या सीएसव्हीवर एक मिनिटही घालवू नये. मूळ एक्सेल फाइलकडे परतावे आणि तीच पुन्हा साठवावी.

जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देण्याचे काम युनिकोडने केले. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिथे आहे आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५०. आता बाइटमध्ये तर २५५च्या वरचा आकडा मावत नाही, म्हणजे एक अक्षर अनेक बाइट्समध्ये विभागून लिहायला हवे. ते कसे विभागायचे याच्या एकाहून अधिक रीती आहेत आणि सीएसव्हीच्या दृष्टीने त्यांतली कोणती निवडता याला फार महत्त्व आहे.

एक रीत म्हणजे यूटीएफ-१६. यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइट्समध्ये बसते. ऐकायला हे आटोपशीर वाटते, पण ‘ब’ पाहा. त्याचे दोन बाइट्स होतात ४४ आणि ९. यातला ४४ म्हणजे स्वल्पविरामाचाच आकडा. जो प्रोग्राम एकेक बाइट पाहत रकाने तोडतो, तो ‘बाबा’ या शब्दात दोनदा रकाना तोडेल. ‘ढ’मध्ये ३४ येतो, म्हणजे अवतरणचिन्ह. ‘ऊ’मध्ये १० येतो आणि १० म्हणजे ओळ संपल्याची खूण. एका ‘ऊ’पायी नोंद अर्धी तुटून पुढच्या ओळीत जाऊ शकते.

दुसरी रीत यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात जेवताना तिचा आराखडा केला. त्यांना ती ‘प्लॅन ९’ नावाच्या प्रणालीसाठी हवी होती. या रीतीत इंग्रजी अक्षरे, अंक आणि स्वल्पविराम पूर्वीप्रमाणे एकाच बाइटमध्ये, त्याच जुन्या आकड्यांनी लिहिले जातात. बाकीच्या लिप्यांतल्या चिन्हांना दोन, तीन किंवा चार बाइट्स लागतात आणि त्यांतला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचा असतो. ‘म’ होतो २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या कोणत्याही चिन्हाच्या पोटात ४४, ३४ किंवा १० येणे या रीतीत शक्यच नाही. ज्या प्रोग्रामला मराठीचा गंधही नाही तोसुद्धा अशी फाइल रकान्यांत बरोबर तोडतो आणि मधले बाइट्स न समजताही जसेच्या तसे पुढे देतो. मराठीला यात एका चिन्हामागे तीन बाइट्स खर्चावे लागतात, ‘मराठी’ या शब्दाला पंधरा. काही हजार पुस्तकांच्या यादीत हा खर्च नगण्य आहे.

म्हणून ग्रंथपाल बाईंनी करायचे ते एवढेच. आधी मूळ यादी नेहमीच्या एक्सेल स्वरूपात, `.xlsx` मध्ये, साठवून ठेवायची. त्या स्वरूपात मराठीला काही होत नाही. मग जी शीट पाठवायची आहे ती समोर उघडी ठेवायची, कारण सीएसव्हीत फक्त समोरची एकच शीट जाते. F12 दाबले की ‘सेव्ह अ‍ॅज’ची चौकट येते. तिथे `Save as type` च्या यादीतून हा प्रकार निवडायचा:

```
CSV UTF-8 (Comma delimited) (*.csv)
```

याच यादीत खाली आणखी तीन सीएसव्ही आहेत. एक नुसता `CSV (Comma delimited)`, एक मॅकिन्टॉशचा आणि एक एमएस-डॉसचा. मराठीसाठी हे तिन्ही निरुपयोगी. चौघांच्याही फाइलचे शेपूट `.csv` हेच असते, त्यामुळे नंतर फाइलच्या नावावरून काहीच कळत नाही. फाइलच्या नावात `utf8` लिहून ठेवण्याची सवय म्हणूनच चांगली.

साठवताना एक्सेल काही गोष्टी गमावण्याचा इशारा देते, पण तो रंग, सूत्रे, बाकीच्या शीट यांच्याबद्दलचा असतो. अक्षरांबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय चुकीचा प्रकार निवडला तरी साठवल्यानंतर पडद्यावर मराठी तशीच सुंदर दिसत राहते, कारण समोर दिसतो तो संगणकाच्या स्मृतीतला तक्ता, तबकडीवर लिहिलेली फाइल नव्हे. माणूस निर्धास्तपणे एक्सेल बंद करतो आणि मूळ `.xlsx` वेगळी ठेवलेली नसेल तर त्या क्षणी यादी जाते. माझ्या मते या सबंध प्रकरणातली सर्वांत घातक जागा हीच आहे. एक्सेल बंद करण्याआधी तयार झालेली सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून पाहण्याला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट द्यायलाच हवे.

‘CSV UTF-8’ हा पर्याय एक्सेल २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत तसेच मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये मिळतो. जुन्या आवृत्तीत तो नसेल तर ‘सेव्ह अ‍ॅज’च्या चौकटीतल्या `Tools` खाली `Web Options` आणि तिथे `Encoding` बदलण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ती सोय वेबपान म्हणून साठवायच्या फाइलसाठी आहे, सीएसव्हीवर तिचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा फुकट मिळणारे लिबरऑफिस कॅल्क वापरावे. त्यात फाइल साठवताना `Text CSV` निवडून `Edit filter settings` वर खूण केली की एक वेगळी चौकट उघडते आणि तिथे `Character set` मध्ये `Unicode (UTF-8)` निवडता येते. गूगल शीट्समध्ये निवडायचे काही नसतेच. `File`, `Download`, `Comma Separated Values (.csv)` या वाटेने जी फाइल उतरते ती यूटीएफ-८मध्येच असते.

इथपर्यंत साठवण्याचा भाग झाला. आता त्या दुसऱ्या, à आणि ¤ च्या जंगलाकडे वळू.

समजा यादी गूगल शीट्समधून उतरवली. फाइल निर्दोष आहे. तिच्यावर दोनदा टिचकी मारली, एक्सेल उघडले आणि सगळीकडे à¤ दिसू लागले. काय झाले? फाइलमध्ये ‘म’साठी २२४, १६४, १७४ हे तीन बाइट्स आहेत. एक्सेलला फाइल कोणत्या रीतीची आहे हे कोणी सांगितले नाही, म्हणून त्याने नेहमीचा १२५२ तक्ता काढला. त्या तक्त्यात २२४ म्हणजे à, १६४ म्हणजे ¤ आणि १७४ म्हणजे ®. एका ‘म’ची तीन चिन्हे झाली. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५, म्हणून à¤ आणि à¥ या जोड्यांची ही न संपणारी पुनरावृत्ती. ती दिसली की खुशाल समजावे, आत देवनागरी आहे आणि ती धडधाकट आहे.

अशा वेळी पहिला नियम म्हणजे काहीही न साठवता फाइल बंद करणे. बंद करताना ‘बदल साठवू का’ असे विचारले तर नाही म्हणणे. कारण याच अवस्थेत कोणी, ‘यूटीएफ-८ करायला सांगितले होते’ म्हणून, CSV UTF-8 प्रकाराने साठवले, तर एक्सेल à, ¤ आणि ® यांनाच खरी अक्षरे मानून त्यांचे नव्याने बाइट्स करते. मग ‘म’साठी तीनच्या जागी सहा बाइट्स होतात आणि ते जंगल फाइलमध्ये कायमचे रुजते. अशी फाइल उलटी फिरवून दुरुस्त करता येते, पण दर वेळी पूर्ण नाही. हलन्ताचे बाइट्स आहेत २२४, १६५, १४१, आणि १२५२च्या तक्त्यात १४१ ही जागा रिकामी आहे. काही प्रोग्राम ती रिकामी जागा जपून ठेवतात, काही गाळून टाकतात. ती गळाली की परतीच्या वाटेवर हलन्त सापडत नाही आणि मराठीतले एकूण एक जोडाक्षर मोडते. ‘ए’ आणि ‘ऐ’ यांच्या बाइट्सचीही हीच अडचण आहे.

योग्य वाट अशी. एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडा. `Data` या पट्टीवर `From Text/CSV` निवडा आणि ती सीएसव्ही दाखवा. नमुना दाखवणारी चौकट येईल. तिच्या वरच्या बाजूला `File Origin` असते. तिथे हे निवडा:

```
65001: Unicode (UTF-8)
```

निवडताच खालच्या नमुन्यात मराठी प्रकट होते. मग `Load` दाबायचे.

दर वेळी एवढे करणे नको असेल तर फाइललाच बोलके करता येते. यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट्स ठेवण्याची एक रीत आहे. त्यांना ‘बॉम’ म्हणतात. ते पडद्यावर दिसत नाहीत, पण एक्सेलला ते दिसले की ते फाइल यूटीएफ-८ म्हणूनच उघडते. एक्सेलचा CSV UTF-8 प्रकार हे तीन बाइट्स स्वतःहून घालतो, गूगल शीट्स घालत नाही. एकाच मराठी यादीच्या या दोन फाइल एक्सेलमध्ये वेगळ्या दिसतात त्या एवढ्यामुळेच. गूगलकडून आलेल्या फाइलला बॉम लावायचा तर ती नोटपॅडमध्ये उघडा, `Save As` करा आणि तळाशी `Encoding` पुढे `UTF-8 with BOM` निवडा. २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या सुधारणेपासून नोटपॅड उघड्या फाइलची रीत खालच्या पट्टीवर उजवीकडे लिहून दाखवते. तिथे `UTF-8` किंवा `UTF-8 with BOM` दिसले आणि मजकुरात मराठी नीट दिसली तर ठीक. मजकुरात प्रश्नचिन्हे असली, तर पट्टीवर काहीही लिहिलेले असो, ती आपली पहिल्या प्रकारातली मेलेली फाइल.

मग सगळीकडे बॉम लावूनच टाकावा का? नाही. जो प्रोग्राम बॉम ओळखत नाही तो त्याला पहिल्या खान्याच्या मजकुराचा भाग समजतो. वाचनालयाच्या यादीत पहिल्या रकान्याचे शीर्षक ‘दाखल क्रमांक’ आहे. नवा प्रोग्राम त्याच नावाचा रकाना शोधतो आणि म्हणतो, असा रकाना सापडला नाही. माणूस पुन्हा पुन्हा पाहतो, शब्द तोच, शुद्धलेखन तेच. पण प्रोग्रामच्या लेखी त्या शब्दाच्या आधी एक अदृश्य चिन्ह आहे, म्हणून तो शब्दच वेगळा. बाकी सगळे रकाने ओळखले जातात आणि फक्त पहिलाच अडतो, किंवा पहिल्या शीर्षकाआधी `ï»¿` दिसते, तेव्हा बॉमचीच शंका घ्यावी. उपाय तोच, उलट दिशेने: नोटपॅडमध्ये `Encoding` पुढे नुसते `UTF-8` निवडून फाइल पुन्हा साठवणे. माझा स्वतःचा प्रघात असा, की एक्सेलमध्ये टिचकी मारून उघडणाऱ्या माणसाला पाठवायची फाइल बॉमसहित आणि प्रोग्रामच्या तोंडी द्यायची फाइल बॉमविना, अर्थात त्या प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर.

मराठी वाचवण्याच्या नादात त्याच ओळीतले आकडे हातचे जातात, तेही पाहून घेऊ. एक्सेल सीएसव्हीत खान्यातली खरी किंमत लिहीत नाही, खान्यात जे दिसते ते लिहिते. आयएसबीएन हा तेरा अंकी क्रमांक साध्या खान्यात टाकला की तो `9.78818E+12` असा दिसतो आणि सीएसव्हीत तेवढेच जाते. उरलेले अंक त्या फाइलपुरते संपले. म्हणून साठवण्याआधी तो रकाना निवडून त्याला दशांश नसलेल्या संख्येचे रूप द्यावे आणि सगळे तेरा अंक दिसतात याची खात्री करावी. उघडताना उलट घडते. फाइलमध्ये `00123` असा दाखल क्रमांक नीट लिहिलेला असतो, पण टिचकी मारून उघडली की एक्सेल त्याला संख्या समजून पुढची शून्ये खाते आणि १२३ दाखवते. वर सांगितलेल्या `From Text/CSV` च्या चौकटीत `Transform Data` दाबून त्या रकान्याचा प्रकार `Text` केला की शून्ये राहतात. या सगळ्याचा माझ्या लेखी अर्थ एकच: दुरुस्त्या नेहमी `.xlsx` मध्ये कराव्यात आणि सीएसव्ही दर वेळी त्यातून नव्याने काढावी. सीएसव्ही उघडून, तिच्यातच बदल करून, तीच पुन्हा साठवत राहिले की प्रत्येक फेरीत काही ना काही गळते.

महाराष्ट्रातल्या जुन्या याद्यांच्या बाबतीत एक प्रश्न मात्र यूटीएफ-८ सोडवू शकत नाही. डीटीपीच्या काळात टंकलेले पुष्कळ मराठी खरे मराठी नसते. क्रुतीदेवसारख्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. खान्यात ‘मराठी’ दिसते, पण साठवलेले असते ते हे:

```
ejkBh
```

सीएसव्हीत फाँट जातच नाही, त्यामुळे ही फाइल कोणत्याही रीतीने साठवली तरी तिच्यात `ejkBh` च जाणार. इथे खरोखरच ‘फाँट गेला’ असे म्हणता येते. ओळखण्याची सोपी खूण आहे. एक्सेलमध्ये तो खाना निवडा आणि वरच्या सूत्रपट्टीत पाहा. सूत्रपट्टी खान्याचा फाँट वापरत नाही, म्हणून तिथे युनिकोड मराठी असेल तर मराठी दिसते आणि क्रुतीदेव असेल तर इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. अशी यादी आधी त्या त्या फाँटच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी लागते, मगच सीएसव्हीचा विचार करायचा. परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी बारकाईने तपासावी. जुन्या फाँटमध्ये ती व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये व्यंजनाच्या नंतर साठवली जाते, त्यामुळे परिवर्तकाला ती उचलून पुढे न्यावी लागते. ‘स्थिती’, ‘व्यक्तिचित्रे’ अशा शब्दांत जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की ती कधी कधी भलत्या जागी उतरते.

सगळी यादी नव्या प्रोग्रामला देण्याआधी पाच-सहा नोंदींची चाचणी फाइल करावी आणि त्या नोंदी सोप्या निवडू नयेत. जोडाक्षर आणि ऋकार यावा म्हणून ‘स्मृतिचित्रे’, ऱ्ह यावा म्हणून ‘गोऱ्हे’ असे आडनाव, ‘ळ’ यावा म्हणून ‘काळे’, शिवाय ‘ऐ’ने सुरू होणारे एखादे शीर्षक, नावात स्वल्पविराम असलेला एक लेखक, शून्यांनी सुरू होणारा एक दाखल क्रमांक आणि एक आयएसबीएन. ही चाचणी फाइल नोटपॅडमध्ये नीट दिसली आणि नव्या प्रोग्रामच्या पडद्यावरही या सगळ्या नोंदी मूळ यादीशी अक्षरशः जुळल्या, की उरलेली पुस्तके त्याच वाटेने पाठवायला हरकत नाही. पहिलाच रकाना अडला तर बॉम काढून पुन्हा पाठवून पाहा. à¤ दिसले तर प्रोग्रामच्या आयातीच्या चौकटीत अक्षरांची रीत निवडण्याची सोय शोधा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. प्रश्नचिन्हे दिसली तर नोटपॅडमध्ये तीच फाइल पुन्हा उघडा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर फाइल निर्दोष आहे आणि अक्षरे तो प्रोग्रामच आत घेताना टाकतो आहे. तेव्हा यादी पुन्हा पुन्हा साठवत बसण्याऐवजी प्रोग्राम देणाऱ्याला फोन लावावा आणि त्यांचा डेटाबेस यूटीएफ-८मध्ये आहे का, हे नेमके विचारावे.